कॅट ६ तारेवरून दूरच्या खोलीत कन्सोलचे चित्र: ४के लावताच पडदा काळा होतो

माडीवाला

खालच्या मजल्यावर असलेल्या कन्सोलचे चित्र माडीवरच्या टीव्हीवर नेण्यासाठी मी एचडीएमआय एक्स्टेंडरची जोडी बसवली आहे. घराचे काम चालू असताना भिंतीतल्या पाइपमधून कॅट ६ची एक तार ओढून ठेवली होती, तीच वापरली आहे. तिची लांबी साधारण ३५ मीटर भरते आणि दोन्ही टोके भिंतीबाहेर काढून त्यांवर थेट आरजे ४५ प्लग बसवलेले आहेत. १२ व्होल्टचा एकच अडॅप्टर मिळाला असून तो खालच्या ट्रान्समीटरला लावायचा असतो. वरच्या रिसीव्हरला वीज याच तारेतून जाते.

कन्सोल १०८०पी वर ठेवला तर संध्याकाळभर काहीही बिघडत नाही. ४के केल्यावर चित्र उत्तम येते, पण थोड्या वेळाने पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो आणि चित्र आपोआप परत येते. खोक्यावर ‘४के ६० हर्ट्झ, ७० मीटरपर्यंत’ असे स्पष्ट छापलेले आहे. दोष तारेचा मानावा, डब्यांचा मानावा की कन्सोलच्या सेटिंगचा, हे कसे ठरवावे?

अर्धविराम

तार कॅट ६ आहे, तिथेच अडचण आहे. ४के साठी कॅट ८ घ्यावी, म्हणजे पुन्हा विचार करावा लागणार नाही. शिवाय ३५ मीटर हे अंतर बरेच असल्यामुळे मध्ये एखादा नेटवर्क स्विच ठेवलात तर सिग्नल ताजा होऊन पुढे जाईल. दोन्हीकडे आरजे ४५ आहेच, त्यामुळे वेगळे काही घेण्याची गरज नाही.

जोडतार

अर्धविराम, स्विचची सूचना कृपया कोणी अमलात आणू नये. प्लग आरजे ४५ असला तरी अशा डब्यांमधून बहुतेक वेळा इथरनेट जात नाही. तारेच्या चार जोड्यांवर डब्यांची स्वतःची भाषा चालते आणि स्विचला ती अजिबात कळत नाही. याहून गंभीर गोष्ट विजेची आहे. पीओई देणारा, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज पुरवणारा स्विच समोरचे उपकरण वीज घेण्यास योग्य आहे की नाही हे आधी तपासतो आणि मगच व्होल्टेज सोडतो. माडीवाला यांच्यासारखे डबे मात्र काहीही न विचारता तारेवर १२ किंवा २४ व्होल्ट सोडून मोकळे होतात. असा ट्रान्समीटर स्विचला जोडला तर पोर्ट जळू शकतो. स्विचमधून चालणारे एक्स्टेंडर असतात, पण ती जात निराळी.

कॅट ८ बद्दल एवढेच म्हणेन की ती मुळात ३० मीटरपर्यंतच्या जोडणीसाठी बनवलेली जाड आणि ताठ तार आहे. घरातल्या वळणावळणाच्या पाइपमध्ये ती ओढताना होणारे हाल पाहता या कामासाठी तिची शिफारस मी करणार नाही. एक गोष्ट मात्र तुम्ही बरोबर हेरली आहे: संशय तारेवरच घ्यायला हवा. फक्त तारेची श्रेणी हा त्यातला शेवटचा प्रश्न आहे.

माडीवाला, आपण तीन गोष्टी पाहून सांगाल का? डब्यांवर एचडीबेसटी, म्हणजे अशा तारेवरून चित्र नेण्याच्या एका ठरावीक पद्धतीची खूण आहे का? पडदा काळा होतो त्या क्षणी रिसीव्हरवरचा नेमका कोणता दिवा विझतो, विजेचा की लिंकचा? आणि दोन्ही डबे शेजारी-शेजारी ठेवून दोन मीटरच्या चांगल्या पॅच कॉर्डने जोडले तर ४के टिकते का? तिसऱ्या परीक्षेसाठी एखादा छोटा टीव्ही खाली आणण्यापेक्षा रिसीव्हर खाली आणून खालच्याच टीव्हीला लावणे सोपे पडेल.

गॅलरी

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजले नाही. कन्सोलवरचा खेळ वायफायवरून मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर खेळता येतो; मी गॅलरीत बसून तसाच खेळते. त्याला तार लागत नाही.

माडीवाला

गॅलरी, ती सोय मी वापरून पाहिली आहे, परंतु माडीवर वायफाय जेमतेम पोहोचते आणि बटण दाबल्यानंतर पात्र हलेपर्यंतचा उशीर मला जाणवतो. टीव्हीवर मूळ चित्र हवे असल्यामुळेच तारेचा मार्ग धरला.

खटपट्या

उशिराचा विषय निघालाच आहे, तर माझा अनुभव नोंदवतो. जोडतार यांनी ज्या निराळ्या जातीचा उल्लेख केला, त्या जातीचे, म्हणजे स्विचमधून चालणारे डबे मी घेतले होते. ते चित्र आकुंचित करून नेटवर्कवरून पाठवतात आणि पलीकडे पुन्हा उलगडतात. सिनेमा पाहताना काही कळत नाही, कारण आवाज आणि चित्र दोन्ही एकत्रच उशिरा येतात. पण मोटारीच्या शर्यतीत वळण आल्यावर मी स्टिअरिंग फिरवत असे आणि गाडी कठड्याला लागल्यानंतर वळत असे. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. त्या डब्यांचा उशीर उघडच अनेक फ्रेमचा होता. शेवटी ते डबे मी जाहिराती दाखवणाऱ्या पडद्यासाठी देऊन टाकले. माडीवाला, आपले डबे त्या जातीचे नाहीत ना?

माडीवाला

खटपट्या, उशीर अजिबात जाणवत नाही, म्हणजे ती जात नसावी. जोडतार, डब्यावर एचडीबेसटीची खूण आहे. पॅच कॉर्डची परीक्षा घेतली: डबे शेजारी असताना ४के तासभर एकदाही तुटले नाही. दिव्यांचे म्हणाल तर काळोख होताना रिसीव्हरवरचे दोन्ही दिवे विझतात, आधी विजेचा पुन्हा लागतो आणि नंतर लिंकचा. एचडीसीपीचा, म्हणजे चित्राची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाचा दोष असू शकेल का? अनेक ठिकाणी तसे वाचले.

जोडतार

विजेचा दिवा विझत असेल, तर एचडीसीपीकडे जाण्याचे कारणच उरत नाही. त्यासाठी उपकरणांमध्ये होणाऱ्या हस्तांदोलनात अडथळा आला तर चित्र जाईल किंवा लुकलुकेल, पण रिसीव्हरची वीज जाणार नाही. तरीही शंका फेडायची असल्यास कन्सोल पीएस५ असेल तर त्याच्या एचडीएमआय सेटिंगमधले `Enable HDCP` बंद करून एखादा खेळ चालवून पाहा. चित्रपटांची ॲप तेवढ्या वेळापुरती चालणार नाहीत, खेळ चालतील. काळोख तसाच राहिला तर तो मुद्दा निकालात निघाला.

डबे शेजारी असताना सगळे सुरळीत चालते, म्हणून डबे निर्दोष आहेत असे तूर्त धरू. उरली तार आणि तिच्यातून जाणारी वीज. विजेचा हिशेब मीटरवाली माझ्यापेक्षा नेटका मांडतील.

मीटरवाली

प्रयत्न करते. रिसीव्हरला ६ वॅट लागतात असे धरू. अशा डब्यांसाठी हा आकडा अवास्तव नाही. वीज नेण्यासाठी बहुधा दोन जोड्या वापरल्या जातात, एक जाण्यासाठी आणि एक येण्यासाठी. २४ एडब्ल्यूजी जाडीच्या निखळ तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम असतो, म्हणजे ३५ मीटरला २.९ ओहम. जोडीतल्या दोन तारा समांतर असल्याने जाताना दीड आणि येताना दीड, असा एकूण सुमारे ३ ओहमचा फेरा होतो. १२ व्होल्टवरून ६ वॅट ओढायचे तर रिसीव्हरपाशी साधारण १०.२ व्होल्ट उरतात. बहुतेक डबे एवढ्यावर चालतात.

आता तीच तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, म्हणजे सीसीए असेल, तर रोध दीडपटीहून अधिक होऊन फेरा ४.८ ओहमच्या आसपास जातो. अशा वेळी रिसीव्हरपाशी ८.७ व्होल्टच शिल्लक राहतात. गंमत अशी की व्होल्टेज घसरले म्हणून रिसीव्हर कमी वीज घेत नाही. तेवढेच वॅट मिळवण्यासाठी तो अधिक प्रवाह ओढतो आणि त्यामुळे व्होल्टेज आणखी घसरते. ४के मध्ये काम वाढून प्रवाह क्षणभर उसळला की डबा स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो. आपल्या पडद्यावरचा दोन-तीन सेकंदांचा काळोख मला या पुनरारंभासारखा दिसतो. हेच डबे २४ व्होल्टचे असते तर त्याच वाईट तारेतून रिसीव्हरला २२.७ व्होल्ट मिळाले असते आणि हा धागा कदाचित निघालाच नसता.

मोजायचे असेल तर एक भिंतीतला सॉकेट मागच्या बाजूने हातभर तारेला जोडून रिसीव्हरच्या आधी मध्ये घाला. भिंतीतून आलेला प्लग सॉकेटमध्ये, पुढची तार रिसीव्हरमध्ये, आणि मीटरची टोके सॉकेटच्या मागच्या पात्यांवर. बऱ्याच डब्यांत वीज निळ्या आणि तपकिरी जोडीवर असते, पण आपल्या डब्यात ती कुठे आहे हे आधी शोधा आणि टोके एकमेकांना लागू देऊ नका. मोजणी रिसीव्हर चालू असताना, ४के चित्र दिसत असतानाच करा. रिसीव्हर काढून मोजले तर प्रवाहच नसल्यामुळे जवळपास पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि पुष्कळ लोक तेवढ्यावरच ‘वीज बरोबर आहे’ असा निर्णय देतात.

अर्धविराम

मग रिसीव्हरला टीव्हीच्या यूएसबीतून वीज द्यावी. तिथे वीज फुकट पडून आहे.

मीटरवाली

५ व्होल्टवर चालणारा रिसीव्हर असता तर कल्पना विचारात घेता आली असती, पण यूएसबी २.० चा साधा पोर्ट ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. इथे त्याच्या दुपटीहून अधिक लागतात. शिवाय बरेच टीव्ही झोपताना यूएसबीची वीज तोडतात आणि मग प्रत्येक वेळी सगळी ओळखपरेड नव्याने होते. एचडीएमआयच्या तारेतही ५ व्होल्ट असतात, हे कोणी सुचवण्याआधीच सांगते: कन्सोलने तिथे किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढेच बंधन आहे. त्यावर डबा चालत नाही.

माडीवाला

मोजले. ४के चालू असताना ८.५ ते ८.८ यांच्यामध्ये आकडा हलत राहतो. रिसीव्हर काढल्यावर ११.९. मग तारेचे टोक उघडून एक तार चाकूने खरवडली. वरची तांबूस पापुद्र्यासारखी लाली गेली आणि आत चांदीसारखा पांढरा धातू दिसला. दोन-तीनदा वाकवल्यावर ती तुटलीही. तारेच्या आवरणावर मात्र ठळक ‘कॅट ६’ छापलेले आहे.

जोडतार

उत्तर मिळाले. कॅट ६ हे शब्द खरे तर तारेच्या गुणवत्तेची हमी म्हणून लिहायचे असतात. २५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या चाचण्या आणि निखळ तांब्याच्या तारा दोन्ही त्यात येतात. ॲल्युमिनियमच्या तारेवर हे शब्द छापणे चुकीचेच, पण ते सर्रास होते.

विशेष म्हणजे उच्च वारंवारतेचा सिग्नल तारेच्या अगदी पृष्ठभागावरून वाहतो आणि तिथे तांबे असतेच. म्हणून अशी तार चित्र बऱ्यापैकी नेते आणि माणूस फसतो. वीज मात्र तारेच्या पूर्ण जाडीतून वाहते, तिथे ॲल्युमिनियम उघडे पडते. तार न बदलता आधी करण्यासारखे एकच आहे: रिसीव्हरला स्वतःचा अडॅप्टर द्या. त्याच्यावर वीज घेण्याचे गोल सॉकेट आहे का आणि दोन्ही टोकांना एकाच वेळी अडॅप्टर लावण्यास माहितीपत्रकात परवानगी आहे का, हे आधी वाचा. व्होल्टेज आणि टोकांची दिशा जुळलीच पाहिजे.

माडीवाला

सॉकेट आहे आणि माहितीपत्रकात परवानगीही आहे. तशाच मापाचा दुसरा अडॅप्टर वर लावला. विजेचा दिवा आता अजिबात विझत नाही. काळोख खूप कमी झाला, पण पूर्ण गेलेला नाही: मधूनच फक्त लिंकचा दिवा लुकलुकतो आणि चित्र निमिषभर जाते. वायर तपासण्याच्या छोट्या यंत्रावर १ ते ८ सर्व दिवे क्रमाने लागतात, त्यामुळे प्लग ठीक असावेत.

जोडतार

ते यंत्र फक्त एवढेच सांगते की एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाच्या पहिल्या तारेला मिळाली आहे. कोणती तार कोणत्या तारेला पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही. आपल्या प्लगच्या पारदर्शक भागातून पाहा: निळी जोडी मधोमध आणि तिच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जोडीची एकेक तार, असे दिसले पाहिजे. पुष्कळ जण नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने लावतात. दोन्ही टोकांना तसेच केले की यंत्रावरचे दिवे अचूक लागतात, पण तिसऱ्या आणि सहाव्या खुणेवरचा सिग्नल एकमेकांना न पिळलेल्या दोन तारांवरून जातो. पीळ नसल्यामुळे शेजारच्या जोडीची कुजबुज त्यात मिसळते. १०८०पी ला जी ढिलाई पुरते ती ४के ला पुरत नाही.

माडीवाला

अगदी तसेच आहे. दोन्ही टोकांना हिरव्या दोन तारा शेजारी-शेजारी आणि नंतर निळ्या दोन. ५६८बी पद्धतीने दोन्ही प्लग नव्याने बसवतो. पीळ उलगडताना किती सोडू?

जोडतार

प्लगमध्ये शिरण्यापुरताच, सुमारे १३ मिलिमीटरच्या आत. आणि जास्तीची तार गुंडाळून टीव्हीमागे घट्ट वेटोळे करू नका. हवी तेवढी ठेवून बाकीची कापा. पाइपमध्ये घरगुती विजेची तार सोबत आहे का?

माडीवाला

नाही, तिचा पाइप वेगळा आहे. प्लग बदलले आणि काल रात्रीपासून एकदाही काळोख झालेला नाही. दिवा स्थिर आहे. तार आता बदलण्याची गरज नाही असे मला वाटते.

जोडतार

मी बदलेन. ॲल्युमिनियम प्लगच्या पात्याखाली दबत जाते, हवेने त्यावर थर चढतो आणि काही महिन्यांनी संपर्क सैल होतो. पाइप मोकळा असेल तर निखळ तांब्याची, २३ एडब्ल्यूजीची कॅट ६ किंवा कॅट ६ए ओढा. मात्र जुन्या तारेलाच नवी बांधून ओढू नका. ती मध्येच तुटली तर पाइप अडून बसेल. आधी दोरी घाला.

मीटरवाली

मला तेवढी घाई वाटत नाही. वीज आता तारेवर अवलंबून नाही, उरला फक्त सिग्नल, आणि तो ३५ मीटरला टिकतो आहे. दिवा लुकलुकू लागल्यावरही तार बदलता येईल.

खटपट्या

कंट्रोलरचे काय करता? माझ्याकडे दोन भिंतींनंतर बटणे चुकू लागली होती.

माडीवाला

वर काही वेळा तुटतो, म्हणून कंट्रोलर यूएसबी तारेने जोडता येईल असा विचार आहे. या डब्यात यूएसबी नाही, त्यासाठी वेगळी सोय बघावी लागेल. पण त्याआधी एक नवी शंका: कन्सोल आता ४के ६० दाखवतो, पण एचडीआर चालू होत नाही.

अर्धविराम

`4K Video Transfer Rate` कमी करून पाहा, त्याने माझ्या एका जुन्या टीव्हीवर फरक पडला होता.

जोडतार

ती सेटिंग उपयोगाची आहे, पण इथे अडथळा बहुधा डब्याच्या क्षमतेचाच आहे. या पिढीतले बरेच एचडीबेसटी डबे सेकंदाला १०.२ गिगाबिटपर्यंतच नेतात. ४के ६० हे ४:२:०, म्हणजे रंगाची माहिती कमी करून पाठवलेले, आणि ८ बिट असेल तर सुमारे ८.९ गिगाबिट होते, म्हणून ते बसते. एचडीआरसाठी १० बिट केले की तेच ११.१ वर जाते. पूर्ण रंगातले ४के ६० तर १७.८ चे आहे. खोक्यावरच्या ‘४के ६०’ शेजारी बारीक अक्षरांत ४:२:० लिहिले असेल, पाहा. ४के ३० ला एचडीआर मिळेल, पण खेळासाठी ते कोणी घेणार नाही.

मीटरवाली

काही डबे आत हलके आकुंचन करून १८ गिगाबिटचा सिग्नलही नेतात. माडीवाला यांचा डबा त्यातला असेल, तर टीव्हीची क्षमता कन्सोलला सांगणारी छोटी कळ चुकीच्या जागी असण्याची शक्यता उरते. ती ‘टीव्हीप्रमाणे’ या स्थितीवर ठेवून कन्सोल पूर्ण बंद करून चालू करावा.

जोडतार

कळ असेल तर नक्की करून पाहा. नसेल, किंवा फरक पडला नाही, आणि एचडीआर हवेच असेल, तर एक्स्टेंडर सोडून प्रकाशतंतूची एचडीएमआय तार पाइपमधून जाते का ते मोजा; तिच्या टोकाचा जाड प्लग वळणावर अडकतो आणि तिला दिशा असते, कन्सोलचे टोक कन्सोललाच लागते.

माडीवाला

कळ आहे, चार स्थितींची. खोक्यावर ४:२:० असेही बारीक अक्षरांत लिहिलेले सापडले. आज रात्री चारही स्थिती पाहून कन्सोल प्रत्येक वेळी कोणता रंगप्रकार दाखवतो ते इथे लिहितो. पाइपचा व्यास १९ मिलिमीटर आहे आणि मध्ये दोन काटकोन आहेत. प्रकाशतंतूच्या तारेचा प्लग त्यातून नेलेले कोणी असल्यास सांगावे.